उत्तर येण्याआधी द्यायचा गुण

टीवायबीएस्सीच्या सेमिनारमध्ये सादर करणाऱ्याला गुण असतात, ऐकणाऱ्याला नसतात. त्यामुळे शेवटची स्लाइड झाली की आधीच ठरवून दिलेले एक-दोन प्रश्न येतात, टाळ्या पडतात आणि पुढचा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लागतो. आमच्या कॉलेजात ऐकणाऱ्यांच्या प्रश्नांनाही अंतर्गत गुणांतला वाटा द्यायचा विचार निघाला, तेव्हा निकष लिहून काढण्याचे काम वनस्पतिशास्त्राच्या मॅडम आणि संख्याशास्त्राचे सर यांच्याकडे आले. प्रश्नांना गुण द्यावेत हेच मुळात मॅडमना पटलेले नव्हते. सरांना वाटत होते की ज्याला गुण नाहीत त्याकडे मुले लक्ष देत नाहीत. मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि त्या बैठकीत बहुतेक वेळ ऐकत होतो.

चर्चा हवेत राहू नये म्हणून समोर एकाच सादरीकरणावरच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. एका मुलाने मेथीवर प्रयोग केला होता. सहा कुंड्या, प्रत्येकीत दहा बिया; तीन कुंड्यांत मातीबरोबर गांडूळखत, तीन कुंड्यांत नुसती माती. 21 दिवसांनी खताच्या कुंड्यांतल्या रोपांची सरासरी उंची 14.2 सेंमी, बाकीच्यांची 11.6. निष्कर्ष: गांडूळखताने मेथीची वाढ चांगली होते. त्यावर वर्गातून आलेल्या प्रश्नांपैकी पाच आम्ही बाजूला काढले.

पहिला: गांडूळखताचे फायदे कोणते? दुसरा: शाश्वत शेतीच्या दृष्टिकोनातून तुमच्या संशोधनाचे चिकित्सक मूल्यमापन कसे कराल? तिसरा: उंची कुठून कुठपर्यंत मोजली? चौथा: सगळ्या कुंड्या एकाच जागी होत्या का? पाचवा: खतामुळे माती पाणी जास्त धरते, मग वाढ खतातल्या अन्नद्रव्यांमुळे झाली की ओलाव्यामुळे, हे कसे ठरवाल?

सर: मॅडम, आधी नेहमीचाच तक्ता लावून बघू. सुसंबद्धता, स्पष्टता, विचाराची खोली आणि आत्मविश्वास, प्रत्येकी पाच गुण. मी दुसऱ्या प्रश्नाला अनुक्रमे तीन, पाच, चार आणि पाच दिले. सतरा झाले. चौथ्याला पाच, तीन, एक, दोन. अकरा.

मॅडम: आणि चौथा प्रश्न त्या दिवसातला सगळ्यांत चांगला होता. बघा, हेच मी म्हणत होते. त्या मुलीने घाबरत एवढंच विचारलं, "कुंड्या एकाच जागी होत्या का?" त्यावर तो म्हणाला, "खताच्या कुंड्या आत टेबलावर होत्या, बाकीच्या खिडकीत." संपलं की! उजेड कमी पडला तर मेथीचं रोप उंच होतं, बारीक आणि फिकट होतं, पण उंच होतं. म्हणजे 14.2 हा आकडा कदाचित सावलीचा आहे, खताचा नाहीच. त्याने सुकवून वजन घेतलं असतं तर हे लगेच कळलं असतं. एका ओळीच्या प्रश्नाने सगळा निष्कर्ष उघडा पडला आणि तुमचा तक्ता तिला अकरा देतो.

सर: तक्ता माझा नाही, पण चूक कुठे आहे ते सांगतो. "विचाराची खोली" हा रकाना आपण ब्लूमच्या पायऱ्यांवरून भरतो. 1956 साली ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांची प्रतवारी मांडली, 2001 मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी ती सुधारली. आठवणे खाली, मूल्यमापन आणि निर्मिती वर. ती शिकवण्याची उद्दिष्टे लावण्यासाठी होती. आपण मात्र प्रश्नातले क्रियापद बघून पायरी ठरवतो. "मूल्यमापन कराल" म्हटले की वरची पायरी, "होत्या का" म्हटले की सगळ्यांत खालची.

मॅडम: आणि पोरं आठवड्यात शिकतील. प्रत्येक प्रश्नात "चिकित्सक" घालतील.

सर: घालतीलच. म्हणून क्रियापद बघायचेच नाही. माझा पहिला निकष असा: हा प्रश्न सादरीकरण न ऐकता विचारता आला असता का? आला असता, तर शून्य आणि तिथेच थांबायचे. पुढचे रकाने भरायचेच नाहीत. पहिला आणि दुसरा प्रश्न इथेच गळतात. दुसरा तर गांडूळखत काढून सौरचूल घातली तरी तसाच चालतो.

मॅडम: म्हणजे बेरीज नाही?

सर: नाही. बेरजेत गोंधळ होतो, मॅडम. बेरजेच्या तक्त्यात एका रकान्यातले अपयश दुसऱ्या रकान्यातली सफाई भरून काढते. स्पष्टता आणि आत्मविश्वासाचे दहा गुण कुणालाही मिळतात, ज्याने ऐकलेच नाही त्यालाही. आधी एक दार ठेवू या. त्यातून जो प्रश्न आत येईल त्याचीच प्रत ठरवायची.

मॅडम थोडा वेळ चिठ्ठ्या उलटसुलट करत राहिल्या. सरांचे म्हणणे त्यांना पटत होते, असे मला वाटले, पण मूळ शंका सुटली नव्हती.

मॅडम: ठीक आहे, दार मान्य. मग तिसऱ्या प्रश्नाचं काय? "उंची कुठून कुठपर्यंत मोजली?" या मुलाला खरंच कळलं नव्हतं. मातीपासून शेंड्यापर्यंत की पानाच्या टोकापर्यंत, हे स्लाइडवर नव्हतंच. आता त्याला एक गुण दिला तर पुढच्या वेळी तो विचारणार नाही. न कळलेलं विचारायची लाज आपल्या मुलांना आधीच खूप असते. शाळेपासून "एवढंही कळत नाही का" ऐकून ती आलेली असतात. गुण लावले की ती लाज तुम्ही आकड्यात लिहून द्याल. म्हणूनच मी म्हणते की प्रश्नांना गुणच नकोत.

सर: त्याला शून्यही नको आणि एकही नको. त्या चिठ्ठीवर "खुलासा" एवढेच लिहायचे आणि ती गुणांतून वगळायची.

इथे मी पहिल्यांदा बोललो, कारण माझ्या विषयात याचा एक चांगला नमुना आहे. आंतरराष्ट्रीय युवा भौतिकी स्पर्धा, आयवायपीटी, 1988 पासून होते. त्यात एक संघ आपला प्रयोग 12 मिनिटे मांडतो आणि दुसरा संघ त्याचा विरोधक म्हणून उभा राहतो. विरोधकाला मांडणी झाल्यावर आधी दोन मिनिटे फक्त खुलासे विचारायला मिळतात, मग तयारीला तीन मिनिटे मिळतात आणि त्यानंतर तो मांडणीवर बोलतो, वाद घालतो. परीक्षक विरोधकालाही 1 ते 10 गुण देतात. अनेक वर्षे तिथे मांडणाऱ्याच्या गुणांना तिनाने आणि विरोधकाच्या गुणांना दोनाने गुणत आले आहेत. म्हणजे दुसऱ्याच्या कामाची नेमकी तपासणी करणे हे स्वतःच्या प्रयोगाच्या दोनतृतीयांश मोलाचे काम मानले जाते. मला त्या नियमांत सर्वांत शहाणपणाची वाटते ती वेळेची विभागणी. खुलासे वेगळे काढले आहेत आणि विचार करायला तीन मिनिटे दिली आहेत. आपण "एनी क्वेश्चन्स?" म्हणतो आणि पाच सेकंदांत "थँक्यू" म्हणून मोकळे होतो. तेवढ्या वेळात आधी पाठ केलेल्या प्रश्नाखेरीज दुसरा कुठला प्रश्न येणार?

मॅडम: हे आवडलं मला. दोन मिनिटं खुलासे, तोंडी, बिनगुणांचे. मग तीन मिनिटं शांत बसून चिठ्ठी लिहायची. मग गुणांचे प्रश्न.

सर: आणि चिठ्ठीवर दोन ओळी असतील. पहिलीत प्रश्न. दुसरीत, उत्तर आल्यावर सादर करणाऱ्याचे कोणते विधान बदलू शकते, ते लिहायचे.

मॅडम: दुसरी ओळ कशाला?

सर: चौथ्या प्रश्नासाठीच. "कुंड्या एकाच जागी होत्या का?" हे त्या मुलीने काय समजून विचारले, हे चिठ्ठीवरून मला कळत नाही. चौथ्या स्लाइडच्या फोटोत खताच्या कुंड्यांवर सावली दिसते. ती तिने पाहिली असेल, किंवा सहज विचारले असेल. "जागा वेगळी असेल तर उंचीतला फरक उजेडामुळेही असू शकतो" एवढे लिहिले की तिचा विचार दिसतो. नाहीतर आपण तिच्या डोक्यात आपला विचार घालून गुण देऊ. तुम्हाला वनस्पतिशास्त्र येते म्हणून तो प्रश्न तुम्हाला भारी वाटला. मला तो हजेरी घेतल्यासारखा वाटला होता.

मला वाटते, सगळ्या बैठकीतला हा सर्वांत उपयोगी मुद्दा होता. प्रश्न लहान असणे हा दोष नाही, पण लहान प्रश्नामागचा विचार परीक्षकाने ओळखायचा असेल तर गुण परीक्षकाच्या ज्ञानाप्रमाणे बदलतात. दुसरी ओळ विद्यार्थिनीलाच बोलू देते.

मॅडम: मान्य. पण मग ती ओळ कुठल्याही भाषेत चालली पाहिजे. आपली सादरीकरणं इंग्रजीत होतात आणि अर्धा वर्ग इंग्रजी वाक्य जुळवता जुळवता प्रश्न सोडून देतो. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, आकृती काढा. भाषेला आणि आत्मविश्वासाला एकही गुण नाही.

सर: अजिबात नाही. आता पायऱ्या लिहितो. शून्य: सादरीकरण न ऐकताही विचारता आला असता. एक: सादरीकरणातल्या एखाद्या नेमक्या आकड्याला, चित्राला किंवा विधानाला धरून आहे, पण उत्तर काहीही आले तरी निष्कर्ष जागचा हलत नाही. दोन: उत्तरावर निष्कर्ष पक्का होतो किंवा डळमळतो आणि तसे का, हे विचारणाऱ्याने लिहिले आहे. तीन: त्याच निकालाचा दुसरा संभाव्य अर्थ सांगितला आहे आणि दोन अर्थांतला कोणता खरा हे ठरवायचा, जमण्याजोगा मार्गही सुचवला आहे.

मॅडम: मग पाचवा प्रश्न, अन्नद्रव्यं की ओलावा, तो किती?

सर: दोन. दुसरा अर्थ दिला आहे, पण ठरवायचे काम "कसे ठरवाल" म्हणून समोरच्यावर टाकले आहे. "तीन कुंड्यांत खताऐवजी कोकोपीट घाला, ते पाणी धरते पण अन्नद्रव्ये फारशी देत नाही" असे लिहिले असते तर तीन.

मॅडम: आणि चौथ्याला, दुसऱ्या ओळीसकट, दोन. सगळ्या कुंड्या एका जागी ठेवून प्रयोग परत करा आणि उंचीबरोबर सुकं वजनही घ्या, असं लिहिलं असतं तर तिलाही तीन. बरोबर वाटतंय. पण एक सांगा, त्या मुलाने उत्तर दिलं असतं, "हो, सगळ्या खिडकीतच होत्या", तर? तर तिच्या प्रश्नाने काहीच उघडं पडलं नसतं.

सर: तरीही दोनच. म्हणून तर गुण उत्तर येण्याआधी लिहायचा. उत्तर काय निघेल हे विचारणाऱ्याच्या हातात नसते. नीट प्रयोग करणाऱ्याला चांगला प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर बहुतेक वेळा "हो, ते मी पाहिलंय" असेच येणार. उत्तर ऐकून गुण दिले तर मुले दुसऱ्याला पाडण्यासाठी प्रश्न विचारतील. चांगल्या प्रयोगावर तर कुणी प्रश्नच विचारणार नाही.

मॅडम: पाडण्याचं निघालंय म्हणून सांगते. मुलं एकमेकांना अवघड प्रश्न विचारत नाहीत, याचं कारण भीती नसते, मैत्री असते. उत्तर आलं नाही तर मित्राचे गुण जातात, हे त्यांना माहीत असतं. मग ते हॉस्टेलवर बसून एकमेकांचे प्रश्न ठरवतात. तुम्ही प्रश्नाला गुण द्या, पण उत्तर न येण्याचे गुण कापत राहिलात तर तीच देवाणघेवाण आणखी पक्की होईल. सादर करणाऱ्याने "हे मी पाहिलं नाही, पण असं बघता येईल" म्हटलं तर त्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. ही अट नसेल तर मी या तक्त्यावर सही करणार नाही.

सर: ही अट सादरीकरणाच्या तक्त्यात जाईल, आपल्या नाही.

मॅडम: मग तो तक्ताही आजच बदलू या.

सरांनी ते लिहून घेतले. ठरवून केलेल्या प्रश्नांवर दुसरा उपाय पहिल्या निकषातच आहे, असेही ते म्हणाले. आधी ठरवलेला प्रश्न विषयाच्या नावावरून बनवलेला असतो, त्यामुळे तो दारातच अडतो. मित्राने स्लाइड आधी दाखवल्या असतील तर मात्र तो अडणार नाही. अशा वेळी दोघांनी मिळून निदान त्या निष्कर्षावर विचार तरी केलेला असतो, असे मॅडमचे मत पडले. सरांना ते पटले नाही, आणि तो वाद तिथेच राहिला.

पुढचा प्रश्न किती चिठ्ठ्या मोजायच्या, हा होता. वर्गात हात वर करणाऱ्यांची संख्या मोजणे सोपे असते म्हणून बरेच जण तेच करतात. ग्रेसर आणि पर्सन यांनी 1994 साली वैयक्तिक शिकवणीतल्या विद्यार्थ्यांचे प्रश्न तपासले होते. त्यात प्रश्नांच्या संख्येचा विद्यार्थ्याच्या यशाशी संबंध दिसला नाही. प्रश्नांच्या दर्जाचा दिसला, तोही शिकवणीची थोडी सवय झाल्यावर. ते काम शिकवणीतले आहे, सेमिनारमधले नाही, हे लक्षात ठेवूनही संख्या मोजू नये असेच मला वाटते. प्रत्येकाच्या सत्रातल्या सर्वोत्तम दोन चिठ्ठ्या धराव्यात, असे ठरले. जास्तीत जास्त सहा गुण. जो बाकीच्या दिवशी नुसता ऐकतो त्याचे काही जात नाही.

मॅडम: आता शेवटचं. मी दोन दिले आणि तुम्ही एक दिला तर?

सर: ते आधी मोजून घेऊ. वीस चिठ्ठ्या घ्यायच्या. दोघांनी वेगवेगळे बसून गुण द्यायचे.

मॅडम: आणि वीसपैकी चौदा जुळल्या तर चांगलं की. सत्तर टक्के.

सर: तेवढ्याने फसू नका. समजा आपण फक्त दोनच ढीग केले, चांगले आणि साधारण, आणि दोघांनीही सोळा-सोळा चिठ्ठ्या साधारण ढिगात टाकल्या. दोघांनीही डोळे मिटून तेवढ्याच टाकल्या असत्या तरी नुसत्या योगायोगाने किती जुळल्या असत्या? दोघेही साधारण म्हणण्याची शक्यता 0.8 गुणिले 0.8, म्हणजे 0.64. दोघेही चांगला म्हणण्याची 0.2 गुणिले 0.2, म्हणजे 0.04. बेरीज 0.68. म्हणजे सत्तरातले अडुसष्ट टक्के फुकटचे. उरलेला जुळणीचा भाग 0.02, आणि जास्तीत जास्त जुळू शकला असता 0.32. भागाकार साधारण 0.06. कोहेन यांनी 1960 मध्ये दिलेला कप्पा तो हाच. 0.06 म्हणजे आपण जवळजवळ नाणे उडवतो आहोत.

मॅडम: आणि चांगल्या ढिगातल्या चार-चार चिठ्ठ्यांपैकी दोघांची एकच जुळली असेल.

सर: बरोबर, एकच. तेरा साधारणमध्ये जुळल्या, एक चांगल्यामध्ये. म्हणजे जिथे गुण द्यायचे तिथेच आपण वेगळे पडलो. असे झाले तर टक्केवारी बघत बसायचे नाही. न जुळलेल्या सहा चिठ्ठ्या समोर ठेवायच्या आणि पायरीचे वर्णन कुठे सैल आहे ते शोधायचे. बहुधा एक आणि दोनच्या मध्ये असेल. "निष्कर्ष हलतो" याचा तुमचा अर्थ वेगळा, माझा वेगळा.

मॅडम: म्हणून प्रत्येक पायरीखाली आपल्याच विषयातला एक नमुना प्रश्न छापायचा. नुसत्या वर्णनावरून मलाही ठरवता येत नाही. मेथीच्या या चिठ्ठ्या चालतील. मुलांची नावं काढून.

सर: आणि तो कागद मुलांनाही पहिल्याच दिवशी द्यायचा. मेरीलँडमध्ये मार्बाख-अॅड आणि सोकोलोव्ह यांनी 2000 साली जीवशास्त्राच्या मुलांसाठी प्रश्नांची अशीच प्रतवारी केली होती. तळाला अर्थ न लागणारे प्रश्न, त्यावर पुस्तकात उत्तर सापडणारे, आणि सगळ्यांत वर ज्यात संशोधनाचे गृहीतक आहे असे. ती मुलांपासून लपवलेली नव्हती.

मॅडम: द्या. पण पहिली दोन सादरीकरणं बिनगुणांची ठेवा. मुलांना चिठ्ठी लिहायची सवय होऊ दे, आणि आपल्याला वाचायची.

सर: एकच ठेवू. सत्रात सेमिनारच नऊ होतात.

मॅडम: दोन.

सर: बरं, दोन. पण त्या दोन दिवसांच्या चिठ्ठ्यांवर आपण दोघे गुण देऊन बघणार, वहीत, मुलांना न सांगता. तीच आपली वीस चिठ्ठ्यांची चाचणी होईल.

मॅडमनी मान डोलावली आणि तक्त्याच्या वरच्या बाजूला स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: गुण लिहून झाल्याशिवाय सादर करणाऱ्याने उत्तर द्यायला सुरुवात करू नये.